टेथरिंगची राखाडी ओळ

लाल, काळी, हिरवी, पांढरी. साध्या यूएसबी केबलच्या पोटात या चार तारा असतात. लाल आणि काळी वीज नेतात. हिरवी आणि पांढरी निरोप नेतात. नंतरच्या दोन कापल्या तरी फोन चार्ज होतो, फक्त मुका होतो.

*

बाबांची अकराची गोळी अर्धी करून द्यायची. उरलेली अर्धी उद्यासाठी.

*

लॅपटॉपवर चहा सांडला तर तो आधी बंद करून पालथा घालायचा असतो. धाकटीने तो फडक्याने पुसला आणि चालू आहे ना ते बघायला पुन्हा बटण दाबलं.

*

एका वाचनालयाला बारा केबली हव्या होत्या, निव्वळ चार्जिंगपुरत्या. लोक तिथल्या संगणकांना फोन लावून ठेवतात. फोनमधलं संगणकात नको आणि संगणकातलं फोनमध्ये नको, असं ग्रंथपाल बाईंचं म्हणणं. मी तेरा केल्या. एक जास्तीची.

*

आमच्या घरात ‘तात्पुरतं’ म्हणजे आठ महिने.

*

दुकानाच्या भिंतीवर एक कागद आहे. अक्षर माझं. वर लिहिलंय: ‘यूएसबी टेथरिंगची ओळ राखाडी दिसते? खालच्या क्रमाने बघा. क्रम सोडू नका.’ शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्यात. त्याही माझ्याच.

*

गुरुवारी सकाळी दहा वाजून एकवीस मिनिटांनी धाकटीचा फोन आला तेव्हा मी त्याच कागदाखाली बसले होते.

मी फोन-लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात काम करते. दुकानाचे मालक दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसतात, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणतात. माझं टेबल खिडकीशी आहे. सोल्डरिंगची गन, चिमटे, मल्टिमीटर, स्क्रूच्या बारक्या डब्या. अकरा वर्षं मी त्या टेबलाशी बसतेय. कुठली डबी कुठे आहे ते मला न बघता कळतं. घरातल्या मिठाच्या बरणीबद्दल मला हे सांगता येणार नाही.

“ताई, ती ओळ उमटतच नाहीये,” धाकटी म्हणाली. “टेथरिंगची. राखाडी झालीय. बोट लावलं तरी ढिम्म.”

फोन बाबांचा होता, बटणांचा. टेथरिंग म्हणजे फोनचं इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देणं. त्यासाठी धाकटीचा स्वतःचा फोन लॅपटॉपला लावलेला होता, म्हणून तिने बाबांच्या फोनचा स्पीकर चालू करून तो त्यांच्या डाव्या हातात दिला होता. बाबांचा उजवा हात दीड वर्षांपूर्वी गेला. हात आहे, त्याच्यातला जीव गेला. जीभही अर्धी गेली. एक शब्द बाहेर यायला त्यांना जिना चढल्यासारखा दम लागतो.

“चाचणी किती वाजता?” मी विचारलं. मला माहीत होतं.

“अकरा! तुला दहादा सांगितलंय. अकराला जोडली गेले नाही तर नाव खोडतात.”

ही चाचणी म्हणजे काय, ते सांगते. दुसऱ्या शहरात एक महाविद्यालय आहे. तिथे ऐकू न येणारी मुलं इतरांबरोबर वर्गात बसतात. शिक्षक बोलतात ते कुणीतरी त्याच क्षणी टाइप करायचं, ते समोरच्या पडद्यावर उमटतं आणि ती मुलं वाचतात. धाकटीचा हात असा पळतो की कळा दिसत नाहीत. ती आठ महिने त्यासाठी घासत होती, बाबांना अंघोळ घालून झाल्यावर, त्यांना भरवून झाल्यावर, रेकॉर्ड केलेली भाषणं लावून. चाचणी पार पडली तर तिला तिकडे राहायला जावं लागणार. आणि ती गेली तर सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बाबांजवळ कोण?

आम्ही दोघीच आहोत.

“ऐकतेयस ना?” धाकटी म्हणाली.

“ऐकतेय.”

फोन काय दाखवतोय ते मी विचारलं. चार्जिंगची खूण येतेय, ती म्हणाली, बाकी काही नाही. एरवी केबल लावली की वरून एक पट्टी उतरते, ‘यूएसबी कशासाठी वापरायचं’ असं विचारणारी. ती आली नव्हती.

फोन चार्ज होतो, पट्टी येत नाही, टेथरिंगची ओळ राखाडी. कुठलंही गिऱ्हाईक हे बोललं असतं तर मी मान वरही न करता म्हटलं असतं, केबल बदला. वीज पोचतेय, निरोप पोचत नाहीये. फोनला वाटतंय की आपण भिंतीतल्या चार्जरला लावलेले आहोत. समोर लॅपटॉप आहे हे त्याला कळतच नाही, मग तो इंटरनेट देणार कुणाला? म्हणून ओळ राखाडी.

कागदावरची पहिली पायरी तीच आहे.

माझ्या टेबलावर उजव्या हाताला आमच्या घरची चांगली केबल होती. बुधवारी सकाळी मी ती दुकानात आणली होती, एका गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये नव्याने सॉफ्टवेअर भरायला. रात्री घरी नेली ती दुसरीच.

“थांब,” मी म्हटलं. “सांगते.”

५. ड्रायव्हर

कागदावर ही पायरी सगळ्यात शेवटची आहे. लॅपटॉपला फोन ‘दिसतो’ पण नेटचा जोड म्हणून ओळखता येत नाही, तेव्हाची. फोनमधली राखाडी ओळ लॅपटॉपच्या ड्रायव्हरमुळे, म्हणजे जोडलेल्या वस्तूची ओळख पटवणाऱ्या प्रोग्रॅममुळे, होत नाही. हे मला माहीत आहे. नवशिक्यालाही माहीत असतं.

“लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजर उघड,” मी म्हटलं. “वरती ‘व्ह्यू’ असेल, त्यात लपलेली उपकरणं दाखव म्हण.”

“दाखवली. फिकट फिकट बरीच भुतं आलीयत.”

“नेटवर्क अडॅप्टरच्या खाली ‘रिमोट एनडीआयएस’ असं काही आहे?”

“आहे. तेही फिकट.”

फिकट असणारच. फोन जोडलेला नसताना ते तसंच दिसतं. आठ महिन्यांपूर्वी लॅपटॉपवर चहा सांडला, वाय-फायचं कार्ड गेलं, ब्लूटूथ त्याच कार्डावर होतं तेही गेलं, तेव्हा मी धाकटीला ही यूएसबीची वाट काढून दिली होती. त्या दिवशी लॅपटॉपने फोन ओळखला नव्हता, मी स्वतः यादीतून हा ड्रायव्हर निवडून बसवला होता. नवीन कार्ड मागवते म्हटलं होतं. मागवलंही. दोन महिने झाले, ते माझ्या खणात चंदेरी पिशवीत पडून आहे.

“ते काढून टाक,” मी म्हटलं. “अनइन्स्टॉल.”

“नक्की?”

“काढ गं.”

तिने काढलं. ती माझं ऐकते. लहानपणी मी तिला सांगितलं होतं की आरशात फार वेळ बघितलं की आरसा झिजतो. ती सातवीपर्यंत पाठ करून केस विंचरायची.

“काढलं. आता?”

“आता लॅपटॉप बंद करून चालू कर.”

“बंद चालू! अगं त्याला पाच मिनिटं लागतात, म्हातारा आहे तो. बाबा, तुम्ही नाही हो, लॅपटॉप.”

मागून बाबा हसले. ते हसतात तेव्हा घशात पाणी अडकल्यासारखा आवाज येतो. मला तो फोनमधून आला आणि मी मल्टिमीटरची वायर बोटाला गुंडाळायला लागले.

घड्याळात दहा अठ्ठावीस.

४. डेव्हलपर ऑप्शन्स

“तोवर फोनचं बघू,” मी म्हटलं. “सेटिंगमध्ये जा. अगदी खाली, फोनविषयी माहिती. तिथे बिल्ड नंबर दिसतो? त्यावर सात वेळा बोट मार.”

“सात? हे दुरुस्तीचं चाललंय की दृष्ट काढायचं?”

“मार तू.”

“पाच, सहा, सात. ‘तुम्ही आता डेव्हलपर आहात.’ बाबा, बघा, मी डेव्हलपर झाले. नोकरी नको आता.”

नव्या उघडलेल्या यादीत यूएसबी लावल्यावर फोनने काय समजायचं ते आधीच ठरवून ठेवता येतं. नेहमी ‘फक्त चार्जिंग’ असतं, तिथे टेथरिंग निवडायचं. ही युक्ती खरी आहे. पण केबलमधून निरोप जाणारच नसेल तर ती दार नसलेल्या भिंतीला कडी लावण्यासारखी आहे. तिने निवडलं. मी ‘छान’ म्हटलं.

ओळ राखाडीच.

“ताई,” धाकटीचा आवाज आता बारीक झाला. “होईल ना गं?”

मी काही बोलायच्या आत बाबांचा आवाज आला. आधी श्वास. मग खरखर.

“ता... तार.”

बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. एकतीस वर्षं खांबावर चढले. तक्रार काहीही असो, आधी तार बघायची, मग डबा, मग माणूस, हे त्यांचं ठरलेलं. मी दहा वर्षांची असताना त्यांनी मला जेवणाच्या ताटाशेजारी बसवून बॅटरी, बल्ब आणि तारेचे दोन तुकडे दिले होते. बल्ब लागेना. मी बल्ब बदलला, बॅटरी बदलली. त्यांनी वरणाचा हात तसाच ठेवून विचारलं होतं, तार कोण बघणार? मी जे काही शिकले ते तिथून शिकले. कागदावरची पहिली पायरी खरं तर त्यांची आहे, मी फक्त लिहून काढली.

“तार,” ते पुन्हा म्हणाले. या वेळी स्पष्ट.

धाकटी म्हणाली, “केबलचं म्हणताहेत का गं?”

आणि मी म्हटलं, “तार नाही बाबा, सेटिंगचं काम आहे हे. तुम्ही फोन नीट धरा, आवाज तुटतोय.”

आवाज अजिबात तुटत नव्हता.

भिंगकाकांनी डोळ्यावरचं भिंग वर केलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझी एकच बाजू ऐकू येत होती, पण कागदही दिसत होता. भिंग पुन्हा खाली केलं.

३. डेटा सेव्हर, मोबाइल डेटा, रिस्टार्ट

मधे एक बाई आल्या, फोन पाण्यात पडला म्हणून. मी त्यांना थांबा म्हटलं. त्या म्हणाल्या, तांदळात ठेवला होता. मी म्हटलं, तांदूळ बदला. त्यांना ते आवडलं नाही.

“ताई, कोण आहे?”

“गिऱ्हाईक. तू सांग, डेटा सेव्हर चालू आहे का? तो चालू असला तरी टेथरिंग अडतं.”

“बंद आहे.”

“मोबाइल डेटा?”

“चालू. मघाशी चाचणीवाल्यांचा मेल फोनवर आला ना. दहा पंचेचाळीसला खिडकी उघडेल म्हणताहेत.”

“फोनवरूनच नाही का देता येणार?”

“फोनवर टाइप करू? अंगठ्यांनी? व्वा.”

मी ते का विचारलं माहीत नाही. बहुधा मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं की दुसरा मार्ग नाही. किंवा तिला एखादा मार्ग सापडावा, म्हणजे मला काही करावं लागणार नाही. असं दोन्ही एकदम वाटू शकतं. वाटत होतं.

दहा एकोणचाळीस. आत्ता सांगितलं तरी चालण्यासारखं होतं. ‘अगं, केबल बघ’ इतकंच. चार शब्दसुद्धा नाहीत. मी तोंड उघडलं.

उघडलं आणि माझ्या टेबलाकडे बघितलं. खिडकीतून ऊन येऊन चिमट्यांवर पडलं होतं. मला दिसलं की या टेबलाशी दुसरं कुणी बसलंय, डब्या हलवल्यात, कागद काढलाय. आणि मी घरी आहे, अकराची गोळी अर्धी करतेय, आणि उद्याही करतेय.

“फोन रिस्टार्ट कर,” मी म्हटलं.

२. पोर्ट

“फोनच्या खालच्या भोकात कचरा असेल. टाचणीने नको, दात कोरायच्या लाकडी काडीने हळूच काढ. आणि लॅपटॉपला दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लाव.”

ती काडी शोधायला गेली. तिच्या सपाता फरशीवर पटपट वाजल्या, खण उघडल्याचा आवाज आला. फोनवर फक्त बाबांचा श्वास राहिला. मला वाटलं ते आता काही बोलतील. नाही बोलले. ते एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या तारा जोडत फिरले, आणि त्यांच्या कानाशी मी होते.

धाकटी परत आली. “निघाला. एवढासा कापूस. माझ्या खिशात शेतीच चाललीय.”

“लाव.”

“लावला.”

“ओळ?”

मग नाक ओढल्याचा आवाज आला. धाकटी रडत नाही. बाबा पडले तेव्हाही ती रडली नव्हती, रुग्णवाहिकेत तिने मला चिमटा काढून म्हटलं होतं, तू रडलीस तर ते घाबरतील.

“तू रडू नकोस,” मी म्हटलं. यापेक्षा लाजिरवाणं वाक्य मी आयुष्यात बोललेले नाही.

१.

काहीतरी आपटलं. ओढाओढीचा आवाज. प्लास्टिक घासल्यासारखा.

“काय करतेयस?”

“थांब जरा.”

“अगं काय—”

“ताई, थांब म्हटलं ना!”

दहा सत्तेचाळीस.

“झाली,” धाकटी म्हणाली. “काळी झाली. ओळ काळी झाली! पट्टी पण आली वरून!”

“काय केलंस?”

“कीबोर्डची केबल काढून लावली.”

चाचणीसाठी तिने स्वतंत्र कीबोर्ड घेतला होता. लॅपटॉपच्या स्वतःच्या कळा चहानंतर जड झाल्या होत्या, दाबल्या की परत यायला वेळ लावायच्या. नव्या कीबोर्डची केबल सुटी होती, एका टोकाला फोनसारखीच पिन. कीबोर्डच्या केबलमधून अक्षरं जातात, म्हणजे तिच्यात हिरवी-पांढरी असणारच. हे मला पहिल्या मिनिटाला सुचलं होतं.

“केबलच होती गं,” ती म्हणाली. हसत होती, दम लागला होता. मग हसणं थांबलं. “तू केबलचं विचारलंच नाहीस.”

मी कागदाकडे बघितलं. १. केबल बदला.

“बाबा म्हणत होते,” ती म्हणाली.

“हो.”

“बरं ते जाऊ दे. पण नेट येत नाहीये. ओळ काळी झाली, मी चालू पण केली, तरी लॅपटॉप म्हणतो नेट नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘आरएनडीआयएस’ असं आलंय, शेजारी पिवळा त्रिकोण.”

हे मी केलेलं होतं. आठ महिने बिनबोभाट चाललेला ड्रायव्हर मीच काढायला लावला होता, नुसती पंधरा मिनिटं खायला. आता पहिल्या दिवसासारखंच झालं होतं. लॅपटॉपला फोन दिसत होता, पण हा कोण, ते कळत नव्हतं.

आता मी नीट सांगितलं. भरभर, पण नीट. माझा आवाज बदलला असणार, कारण पाण्यात फोन पडलेल्या बाईही पुढे वाकून ऐकायला लागल्या.

“त्या पिवळ्या त्रिकोणावर उजवी कळ दाब. अपडेट ड्रायव्हर. आपोआप शोधू नकोस, त्याला नेट लागतं. ‘माझ्या संगणकात शोधा’ घे. मग त्याखाली ‘यादीतून निवडू द्या’.”

“आली यादी.”

“नेटवर्क अडॅप्टर्स.”

“हं.”

“डावीकडे कंपन्यांची नावं असतील. ज्यांची विंडोज आहे त्यांचंच नाव घे. उजवीकडे खाली जा, ‘रिमोट एनडीआयएस कम्पॅटिबल डिव्हाइस’.”

“आहे. तो म्हणतोय शिफारस नाही, तरी बसवू का?”

“बसव.”

मी श्वास रोखला. बाईंनीही रोखला.

“आलं! नेट आलं! ताई, तू ना, तू देव आहेस.”

दहा त्रेपन्न.

“कीबोर्ड?” मी विचारलं.

“कीबोर्डला आता केबल कुठाय? मघाची लावून बघितली, त्याचा दिवाही लागतो पण अक्षर उमटत नाही. असू दे. लॅपटॉपच्याच कळांवर देते.”

“नको! मी येतेय. केबल घेऊन येतेय.”

“सात मिनिटांत?”

मी भिंगकाकांना काही विचारलं नाही. टेबलावरची केबल उचलली. ते म्हणाले, “जा.” आणि बाईंना म्हणाले, “दाखवा इकडे, तांदूळवाल्या.”

*

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. स्कूटर लावली, जिने चढले, कुलूप उघडताना किल्ली दोनदा उलटी गेली. अकरा वाजून सहा मिनिटं.

धाकटी खिडकीशी बसली होती, कानात हेडफोन, पाठ माझ्याकडे. पडद्यावर कुणीतरी बोलत होतं, खाली अक्षरं धावत होती. मधेच एक शब्द अडकायचा, ती मागे जायची, दुरुस्त करायची, पुढे धावायची. जड कळांचा आवाज कीबोर्डसारखा नव्हता. ओल्या लाकडावर बोटं आपटल्यासारखा होता. मी केबल तिच्या कोपराशी ठेवली. तिने बघितलंही नाही. आता मधेच थांबून केबल लावायला वेळ नव्हता. ती तिथेच पडून राहिली, गुंडाळलेली, अखेरपर्यंत.

बाबा खुर्चीत होते. त्यांच्या मांडीवर ती दुसरी केबल होती, धाकटीने काढून टाकलेली. डाव्या हाताच्या अंगठ्याने ते ती चाचपत होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जशी पूर्वी चाचपायचे. मधे मी हिरवी-पांढरी कापून काळी नळी चढवली होती, तिथे अंगठा थांबला. आमच्या घरातल्या अर्ध्या केबली तशाच जोडलेल्या आहेत, त्यात विशेष काही नाही. अंगठा पुढे गेला. पिनेच्या जरा अलीकडे पुन्हा थांबला. तिथे बोटाला चिकटत होतं. त्यांनी अंगठा उचलला, बघितला, परत टेकवला, परत उचलला. गोंदाचा बारीक धागा ओढला गेला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांची गोळी अर्धी करायला स्वयंपाकघरात गेले. अकराची गोळी मी अकरा चौदाला दिली.

गोळी गिळल्यावर बाबांनी केबल गोळा केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. धाकटी उठायच्या आत.

*

“लाल पट्टी नव्हती ना गं तिच्यावर,” धाकटी संध्याकाळी म्हणाली. आम्ही दोघी भांडी घासत होतो. चार्जिंगपुरत्या केबलला पिनेजवळ लाल चिकटपट्टीचा वेढा द्यायचा, हा दुकानाचा नियम तिलाही माहीत होता. एकदा तिनेच मला पट्ट्या कापून दिल्या होत्या. “असती तर मी लावलीच नसती.”

“सुटली असेल,” मी म्हटलं.

“भिंगकाकांना सांग, पट्टी चांगली आणा. कुणाचं तरी नुकसान व्हायचं.” मग ती हसली. “म्हणजे आणखी कुणाचं तरी.”

मी ताट पुन्हा घासलं. घासलेलंच होतं.

“आणि तू कशाला तोंड पाडून बसलीयस? चुकून आली केबल घरी. गडबडीत पहिलं विचारायचं राहिलं. मी पण गडबडीत बाबांचं ऐकलं नाही. तू धावत आलीस ना? तिसरा मजला. तुझ्या गुडघ्यांनी.”

मी तिला काहीतरी सांगायला हवं होतं. बाहेरच्या खोलीत बाबा जागे होते. मला वाटलं ते बोलतील. शब्दाला जिना चढावा लागतो, पण त्यांनी सकाळी एक चढवला होता, दोनदा. मी नळ बंद करून वाट बघितली.

“काय झालं?” धाकटी म्हणाली.

“काही नाही.”

सोमवारी मेल आला. शंभरातले सत्त्याण्णव शब्द बिनचूक हवे होते. तिचे पंच्याण्णव आले. सहा महिन्यांनी पुन्हा बसता येईल, असं लिहिलं होतं. धाकटीने तो मेल मला मोठ्याने वाचून दाखवला, वाचता वाचता एक विनोदही केला, मग बाबांना उठवून बसवलं, पाठीला उशी लावली आणि त्यांचे केस विंचरले. आरशाकडे तिची पाठ होती. सवय.

मी दुकानातून चंदेरी पिशवी आणली आणि वाय-फायचं कार्ड बसवलं. एकवीस मिनिटं लागली. मग लॅपटॉपच्या जड कळा एकेक काढून साफ केल्या. आता टेथरिंग लागत नाही, केबल लागत नाही, फोन नुसता शेजारी असला की पुरे. धाकटी म्हणाली, हे आधी केलं असतंस तर! चिडून नाही, सहज म्हणाली.

बाबांचा सदरा धुवायला टाकायच्या आधी मी खिसे तपासते. त्या सदऱ्याचा खिसा रिकामा होता. त्यांनी केबल कुठे ठेवली ते मी विचारलेलं नाही, आणि त्यांनी सांगितलेलं नाही. पण आता मी त्यांना अकराची गोळी देते तेव्हा ते तोंड उघडण्याआधी क्षणभर थांबतात, माझ्याकडे बघतात. कुणीतरी बोलायला सुरुवात करेल म्हणून थांबतात तसे. मग गोळी घेतात.

कालपासून धाकटीने पुन्हा भाषणं लावायला सुरुवात केली आहे.

बुधवारी संध्याकाळी, घरी निघण्यापूर्वी, तेराव्या केबलची लाल पट्टी मी नखाने सोलून काढली होती.